भोवऱ्याचा फोटो आणि ट्यूबलाइटची जागा

केसांच्या औषधाच्या जाहिरातीतले दोन फोटो शेजारीशेजारी ठेवून नीट पाहावेत. डावीकडे ‘आधी’, उजवीकडे ‘नंतर’. डावीकडच्या फोटोत मान खाली झुकलेली असते, केस नुकतेच धुतल्यासारखे ओलसर असतात, दिवा बरोबर डोक्यावर असतो आणि भोवऱ्याभोवतीची त्वचा चकाकत असते. उजवीकडच्या फोटोत मान थोडी वर आलेली असते, केस कोरडे आणि बोटभर वाढलेले असतात, उजेड समोरून किंवा खिडकीतून येतो. फोटोत कुणी हात घातलेला नसेल, दोन्ही फोटो अगदी खरेही असतील. तरीही त्यावरून औषधाबद्दल काहीच कळत नाही, कारण औषधाखेरीज आणखी चार गोष्टी बदललेल्या आहेत.

जाहिरातवाले हे मुद्दाम करत असतीलही. पण घरोघरी, आरशासमोर हातात मोबाइल धरून, हेच नकळत घडतं. केस विरळ होऊ लागलेला माणूस एका रात्री लिफ्टच्या आरशात स्वतःचं डोकं पाहतो आणि हादरतो. आठ दिवसांनी गॅलरीत सकाळच्या उन्हात काढलेल्या फोटोत त्याला ‘फरक’ दिसतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा निराशा. या हेलकाव्यांत कुणी चालणारं औषध तीन महिन्यांत सोडून देतं, तर कुणी न चालणाऱ्या तेलावर दोन वर्षं पैसे घालत राहतं. केसांचा हिशेब प्रामाणिकपणे ठेवायचा असेल, तर आधी उजेडाचा बंदोबस्त करावा लागतो.

उजेड केसांशी नेमकं काय करतो? दिवा बरोबर डोक्यावर असेल तर त्याचा उजेड दोन केसांमधल्या फटींतून थेट त्वचेवर पडतो आणि परत वर येतो. त्वचा उजळ, केस काळे, त्यामुळे प्रत्येक फट ठळक दिसते. तोच दिवा चार फूट बाजूला सरकवला की उजेड तिरपा येतो, केसांची सावली त्वचेवर पडते, फटी काळवंडतात आणि डोकं भरलेलं वाटतं. एकही केस वाढलेला किंवा कमी झालेला नसतो. आपल्या लोकांचे केस बहुतेक काळे आणि डोक्याची त्वचा त्या मानाने उजळ असते, म्हणून हा खेळ आपल्याकडे अधिकच जाणवतो.

त्यात मोबाइलचा कॅमेरा स्वतःची भर घालतो. फोटोची चौकट काळ्या केसांनी भरली की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे. तो चित्र उजळ करतो आणि त्वचा पांढरीफटक पडते. मागे पांढरी भिंत थोडी जास्त आली की तोच कॅमेरा चित्र काळपट करतो आणि केस दाट दिसतात. चेहरा गुळगुळीत करणारे फिल्टर तर बारीक केस सरळ पुसून टाकतात. नेमके तेच बारीक केस पाहण्यासाठी हा सगळा खटाटोप असतो.

हा प्रश्न औषधं तपासणाऱ्या संशोधकांपुढेही होता. पुरुषांच्या आनुवंशिक टक्कलावर फिनास्टेराइडच्या १ मिलिग्रॅम गोळीला अमेरिकेत १९९७ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली. तिच्या मुख्य चाचण्यांत भोवऱ्याकडे केस विरळ झालेले १,५५३ पुरुष होते, वय १८ ते ४१. त्यांचं डोकं एका चौकटीत टेकवून पक्कं धरलं जाई. कॅमेरा आणि फ्लॅश त्याच चौकटीला जोडलेले असत, त्यामुळे अंतर, कोन आणि उजेड दर वेळी तोच राही. केसांची ठेवण आणि लांबी बदलायची नाही, अशी अटही होती. मग त्वचारोगतज्ज्ञांचं एक मंडळ जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवून सात पायऱ्यांच्या मोजपट्टीवर गुण देई. कोण खरी गोळी घेतोय आणि कोण औषध नसलेली, हे त्यांना ठाऊक नसे.

याशिवाय भोवऱ्यावरच्या एक इंच व्यासाच्या वर्तुळातले केसही मोजले गेले. सुरुवातीला त्या वर्तुळात सरासरी ८७६ केस होते. वर्षभरानंतर गोळी घेणारे आणि न घेणारे यांच्यातला सरासरी फरक होता १०७ केसांचा, म्हणजे सुमारे बारा टक्के. औषध नक्की चालतं हे ठरवायला तो पुरेसा होता. पण बारा टक्क्यांचा फरक आरशात कितीसा दिसणार? दिवा चार फूट सरकवल्याने त्याहून मोठा फरक दिसू शकतो. मापलेल्या उजेडाशिवाय काढलेल्या फोटोत खरा परिणाम सहज बुडून जातो आणि नसलेला परिणाम तितक्याच सहज दिसतो.

प्रयोगशाळेतली ती चौकट घरी आणता येणार नाही. पण तिचं काम घरच्या वस्तूंकडून बऱ्यापैकी करून घेता येतं.

खोली अशी निवडावी की बाहेरचा उजेड पूर्ण बंद करता येईल. खिडकीतला उजेड दिसायला छान असतो, पण या कामाला निरुपयोगी. जुलैतलं ढगाळ दुपारचं आभाळ आणि एप्रिलचं ऊन यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. म्हणून फोटो रात्री, पडदे ओढून, एकाच दिव्यात काढावेत. दिवा वरचा असलेला बरा. तो डोकं निर्दयपणे दाखवतो, आणि आपल्याला तेच हवं आहे. त्या दिव्याखाली खुर्ची उलटी ठेवावी, म्हणजे पाठ टेकायची बाजू पुढे येते. तिच्यावर पाय दोन बाजूंना टाकून बसावं आणि हनुवटी पाठीच्या कडेवर टेकवावी. मान दर वेळी एकाच कोनात राहते. खुर्चीच्या चारही पायांच्या जागी फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा करून ठेवाव्यात.

मोबाइलचा मागचा कॅमेरा वापरावा, तो दोन फुटांवर स्टँडवर ठेवावा आणि टायमर लावावा. घरात कुणी मदतीला असेल तर उत्तमच, पण मोबाइल तरीही स्टँडवरच असू द्यावा. फार जवळून फोटो काढला तर कपाळ आणि भोवरा फुगीर दिसतात. थोडं दूर जाऊन दुप्पट झूम केलेला बरा, फक्त दर वेळी तेवढाच. पडद्यावर केसांच्या जागी बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद होतात. आयफोनवर तेव्हा AE/AF LOCK अशी अक्षरं येतात. फिल्टर, नाइट मोड आणि पोर्ट्रेट मोड बंद ठेवावेत. डोक्याच्या मागे दर वेळी तोच टॉवेल किंवा तोच पडदा असावा, म्हणजे कॅमेऱ्याची फसगत होत नाही.

चार फोटो पुरे होतात: समोरून केसांची रेषा, दोन्ही कानशिलं आणि वरून भोवरा. बायकांचे केस सहसा रेषेपासून मागे सरत नाहीत, भांगाच्या दोन्ही बाजूंनी विरळ होतात. म्हणून त्यांनी कंगव्याच्या टोकाने कपाळापासून भोवऱ्यापर्यंत सरळ मधला भांग पाडून त्याचा वरून फोटो घ्यावा. भांगात दिसणाऱ्या त्वचेच्या पट्टीची रुंदी हेच त्यांचं मोजमाप. रोजचा भांग तिरपा असेल तरी फोटोपुरता मधलाच पाडावा.

उरली डोक्याची अवस्था. ओले केस एकमेकांना चिकटून जुडगे होतात आणि मधे रस्ते पडतात; तेलानेही तेच होतं. खोबरेल लावून काढलेला एक आणि शाम्पू केल्यानंतरचा एक, अशा दोन फोटोंची तुलना होऊच शकत नाही. सकाळी शाम्पू, दिवसभर केस कोरडे, रात्री फोटो आणि फोटो काढून झाल्यावर औषध, हा क्रम पाळावा. मिनॉक्सिडिलचं द्रावण वाळलं की केसांवर त्याची चिकट पुटं राहतात, म्हणून औषध नंतर. केस कापण्याचा दिवसही ठरलेला हवा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, आणि दोन सेंटिमीटर जास्त लांबी बरीच त्वचा झाकून टाकते. कटिंगनंतर पाचव्या दिवशी फोटो, असं ठरलं की दर वेळी पाचव्याच दिवशी. डाय किंवा मेंदी लावणाऱ्यांनी तिचेही दिवस तसेच मोजावेत, कारण ताजा रंग त्वचेलाही लागतो आणि फटी काळ्या दिसतात.

आता या सगळ्यातली सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. पहिल्या दिवशी, औषध सुरू करण्याआधी, चारही फोटो काढावेत. मग उठावं, खुर्ची बाजूला करावी, मोबाइल स्टँडवरून काढावा, दहा मिनिटांनी पुन्हा सगळं मांडून तेच चार फोटो परत काढावेत. दोन्ही संच एकाच डोक्याचे, एकाच संध्याकाळचे. तरी त्यांत थोडा फरक दिसेलच: एकात त्वचा जरा जास्त उजळ, एकात मान अर्धा इंच वर. हा फरक म्हणजे आपल्या पद्धतीची चूक किती, त्याचं माप. पुढे कधीही दिसलेला बदल या मापाहून लहान असेल, तर तो बदल धरायचा नाही. आणि पहिल्याच दिवशी दोन संच फारच वेगळे दिसले, तर औषध सुरू करण्याआधी मांडणी दुरुस्त करायची.

एक उदाहरण घेऊ. समजा बत्तीस वर्षांचा एक पुरुष आहे, भोवऱ्याकडे केस विरळ झालेले. त्वचारोगतज्ज्ञांनी तपासून आनुवंशिक टक्कल असल्याचं सांगितलं आणि पाच टक्क्यांचं मिनॉक्सिडिल दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी एक मिलिलिटर लावायला दिलं. त्याने पहिल्या दिवशी दोन संच काढून ठेवले.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात त्याच्या उशीवर आणि बाथरूमच्या जाळीवर नेहमीपेक्षा जास्त केस दिसू लागतात. दुसऱ्या महिन्याचा फोटो पहिल्यापेक्षा किंचित वाईट. इथेच बरेच लोक औषध सोडतात. प्रत्यक्षात मिनॉक्सिडिल विश्रांतीत असलेल्या मुळांना पुन्हा वाढीच्या फेरीत ढकलतं, आणि नवा केस वर येताना जुना, गळायच्याच बेतात असलेला केस बाहेर पडतो. ही गळती सहसा काही आठवड्यांत ओसरते. दुसऱ्या महिन्याचा फोटो जपून ठेवावा, पण त्याच्यावर निकाल देऊ नये.

तिसऱ्या महिन्यात फोटो पुन्हा पहिल्यासारखा. चौथ्या महिन्यात त्याला एकदम दाट केस दिसतात आणि आनंद होतो. पण वहीत पाहिलं तर कटिंग होऊन पाच दिवसांऐवजी एकवीस दिवस झालेले. म्हणजे सुमारे अर्धा सेंटिमीटर जास्त लांबी. तो फोटो तुलनेतून बाद. फोटोसोबत तारीख, कटिंगनंतरचे दिवस, शाम्पू कधी केला, औषधाचे किती दिवस चुकले, एवढ्या चार नोंदी का ठेवायच्या, ते इथे कळतं. सहाव्या महिन्यात, सगळ्या अटी पाळून, भोवऱ्याच्या कडा थोड्या भरलेल्या दिसतात. हा फरक पहिल्या दिवसाच्या दोन संचांतल्या फरकाहून जरा मोठा आहे. ‘बहुधा चालतंय’ इतकंच म्हणावं. मुळातून निघालेला नवा केस चार महिन्यांत जेमतेम चार सेंटिमीटर होतो आणि सुरुवातीला बारीकही असतो, म्हणून सहा महिन्यांच्या आत निवाडा करणं घाईचं ठरतं. खरा निकाल बाराव्या महिन्यात.

मग दर महिन्याला फोटो कशासाठी? तुलना सहाव्या आणि बाराव्या महिन्यातच करायची, पण मधल्या फोटोंमुळे एखादा बिघडलेला फोटो ओळखता येतो. फक्त दोनच फोटो असतील आणि त्यातला एक कटिंग लांबल्यावरचा निघाला, तर वर्षाचा हिशेब गेला. बारा फोटो असले की सरळ चढ, सरळ उतार किंवा नुसता खालीवर होणारा गोंधळ, हे वेगळं काढता येतं. महिन्याच्या महिन्याला फोटो काढावा, फोल्डरमध्ये टाकावा आणि पाहू नये, ही शिस्त अवघड आहे. पण पाळण्यासारखी आहे.

निकाल स्वतः देऊ नये, हेही तितकंच महत्त्वाचं. पैसे आणि आशा दोन्ही गुंतलेला माणूस स्वतःच्या डोक्याचा न्यायाधीश होऊ शकत नाही. घरातल्या कुणाला तरी पहिल्या दिवसाचा आणि बाराव्या महिन्याचा फोटो देऊन त्यांना ‘क’ आणि ‘ख’ अशी नावं द्यायला सांगावं, कोणता जुना ते कुणाला न कळू देता. मग बहीण, मित्र, ऑफिसातला सहकारी अशा तिघांना स्वतंत्रपणे एकच प्रश्न विचारावा: केस कशात जास्त आहेत, क मध्ये, ख मध्ये, की सारखेच? तिघांनी नवा फोटो निवडला तर सुधारणा. दोघांनी निवडला आणि तिसरा ‘सारखेच’ म्हणाला तर थोडी सुधारणा. तिघांची तीन तोंडं झाली तर बदल नाही. फोटो व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवू नयेत. तिथे फोटो दाबला जातो आणि बारीक केस नाहीसे होतात. मूळ फाइलच द्यावी किंवा फोनच हातात द्यावा.

मोबाइलला लावायची छोटी सूक्ष्मदर्शक भिंगं आता स्वस्तात मिळतात आणि अनेकांना केस मोजण्याचा मोह होतो. तो आवरावा. भिंग अर्धा सेंटिमीटर सरकलं तरी आकडा बदलतो. संशोधनात तीच जागा पुन्हा सापडावी म्हणून त्वचेवर गोंदणाचा एक बारीक ठिपका करतात. घरी तशी सोय नसते, आणि चुकीच्या जागेचे बिनचूक मोजलेले केस दिशाभूलच करतात.

तिघांचा निकाल ‘बदल नाही’ असा आला तर औषध वाया गेलं का? इथे पुन्हा फिनास्टेराइडच्या चाचण्यांकडे पाहायला हवं. पाच वर्षांनंतर तज्ज्ञांनी फोटो पाहून सांगितलं: गोळी घेणाऱ्यांपैकी ४८ टक्के पुरुषांचे केस वाढले, ४२ टक्क्यांचे होते तसेच राहिले, १० टक्क्यांचे कमी झाले. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत केस कमी झालेले ७५ टक्के होते. आनुवंशिक टक्कल स्वस्थ बसत नाही, दर वर्षी थोडं पुढे सरकतं. त्यामुळे बारा महिन्यांनी फोटो सारखेच दिसणं हे अशा टक्कलात बहुधा यशच असतं. जाहिरातीत ते कधी दाखवत नाहीत, कारण दोन सारखे फोटो विकले जात नाहीत.

पण फोटोंनाही मर्यादा आहेत. ते बदल झाला का ते सांगतात, कशामुळे झाला ते नाही. डेंग्यू, टायफॉइड, मोठं ऑपरेशन किंवा बाळंतपण यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळतात आणि पुढच्या काही महिन्यांत बहुतेक वेळा आपोआप परत येतात. त्या काळात सुरू केलेलं कोणतंही तेल, कोणतीही गोळी फोटोत विजयी ठरते. शिवाय दोन उपचार एकदम सुरू केले तर सुधारणेचं श्रेय कुणाचं, ते कोणताही फोटो सांगू शकत नाही. डॉक्टरांशी बोलून एका वेळी एकच गोष्ट बदलता आली तर हिशेब स्वच्छ राहतो. आणि गोल चकत्यांनी केस गेले, त्वचा लाल झाली, दुखू लागली, पू आला किंवा त्वचा गुळगुळीत होऊन मुळांची छिद्रंच दिसेनाशी झाली, तर महिन्याच्या फोटोची वाट न पाहता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावं; काही आजारांत मुळं कायमची मरतात आणि तिथे उशीर महाग पडतो.

फिनास्टेराइड किंवा पोटात घ्यायचं कोणतंही औषध डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय सुरू करू नये, गर्भवती किंवा गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रियांनी तर फिनास्टेराइड घेऊच नये. सल्ल्याला जाताना फोटोंचा फोल्डर आणि नोंदवही सोबत न्यावी. डॉक्टरांनाही सहा महिन्यांपूर्वीचं डोकं आठवत नसतं.

ज्यांचा उपचार अजून सुरू व्हायचा आहे, त्यांनी एवढं करावं: आज रात्री पडदे ओढून, खुर्ची उलटी ठेवून पहिले दोन संच काढून ठेवावेत आणि औषधाची बाटली त्यानंतर उघडावी. बाकी सगळे फोटो पुढच्या महिन्यात काढता येतात, हे तेवढे नाही.